जुना डीव्हीडी प्लेयर किंवा व्हीसीआर फक्त एचडीएमआयवाल्या टीव्हीला कसा जोडायचा

नवीन टीव्ही आणला, मागे बघितलं तर दोन नाहीतर तीन एचडीएमआय, एखादं यूएसबी, आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना लावायला जागाच नाही. कपाटात मात्र जुना डीव्हीडी प्लेयर आहे, व्हीसीआर आहे, आणि कॅसेटमध्ये असं काहीतरी आहे जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. हे जोडता येतं आणि फार अवघडही नाही, पण यात दोन-तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात आणि मग प्लेयरच बिघडलाय असं समजून टाकून देतात. ते होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी काही विकत घेऊ नका, टीव्ही आणि प्लेयर दोघांच्या पाठी टॉर्च मारून नीट बघा. टीव्हीला तीन रंगांची सॉकेटं दिसत नसली तरी हेडफोनसारखं एक छोटं गोल भोक असू शकतं, शेजारी 'एव्ही इन' असं लिहिलेलं. जाड सॉकेटांना जागा नसते म्हणून बऱ्याच पातळ टीव्हींमध्ये तिन्ही सिग्नल या एकाच भोकात घेतात, आणि एका टोकाला चार भागांची ३.५ मिलिमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगांची सॉकेटं अशी छोटी वायर लागते. अशी वायर टीव्हीच्या खोक्यात असते किंवा वेगळी मिळते, फक्त ती आपल्या टीव्हीच्या कंपनीला चालणारीच घ्या, कारण पिनेवर व्हिडिओ कुठल्या कड्यावर आणि अर्थिंग कुठल्या कड्यावर हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. चुकीची वायर लावली की चित्र येत नाही किंवा आवाजाच्या जागी घरघर येते, आणि कधीकधी लाल पिनेच्या जागी पिवळी लावून बघितलं की चित्र येतं, तेव्हा समजायचं की वायर दुसऱ्या क्रमाची आहे. शेजारी हेडफोनचं चिन्ह असेल तर मात्र ते फक्त आवाज बाहेर काढायचं भोक, त्याचा इथे उपयोग नाही.

डीव्हीडी प्लेयरच्या मागेही बघा. थोडे उशिरा आलेले डीव्हीडी प्लेयर स्वतःच एचडीएमआयवाले असतात, लोक वर्षानुवर्षं पिवळी वायर वापरत राहिले म्हणून ते सॉकेट कुणी बघितलेलंच नसतं. ते असेल तर एक साधी एचडीएमआय केबल लावायची की झालं, पुढचं सगळं फक्त व्हीसीआरसाठी वाचा.

आता दोन्हीकडे काहीच नसेल तर कन्व्हर्टर लागतो. आणि इथेच पहिली मोठी अडचण होते, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन डब्या मिळतात. एक 'एव्ही टू एचडीएमआय' आणि दुसरी 'एचडीएमआय टू एव्ही'. दोन्हींवर तीच तीन रंगांची सॉकेटं, तेच एचडीएमआय, आकारही तोच, आणि काम बरोबर उलटं. आपल्याला जुन्या मशीनकडून नवीन टीव्हीकडे जायचंय म्हणून 'एव्ही टू एचडीएमआय' हवी, म्हणजे रंगीत सॉकेटांजवळ 'इनपुट' आणि एचडीएमआयजवळ 'आउटपुट' लिहिलेलं पाहिजे. उलटी डबी घेतली तर ती कितीही सेटिंग बदललं तरी चालणार नाही, कारण तिच्या आतलं सर्किट एकाच दिशेने काम करतं.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे नुसती वायर. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना, मध्ये डबी नाही आणि वीज लागत नाही. ही घेऊ नका. पिवळ्या पिनेतून येतो तो अ‍ॅनालॉग सिग्नल, चढउतार होणारं व्होल्टेज, आणि एचडीएमआयमध्ये जातात डिजिटल आकडे. मध्ये कुणीतरी ते व्होल्टेज मोजून आकडे तयार करून द्यायला पाहिजे, आणि ते काम चिप करते, चिपला वीज लागते. वीज न घेणारी वायर हे करूच शकत नाही.

डबी हातात आली की जोडणी अशी करा. सगळं बंद ठेवून सुरुवात करा. प्लेयरच्या पाठी 'आउट' लिहिलेल्या सॉकेटांना पिना लावा, पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये. व्हीसीआरला बहुतेक वेळा 'इन' आणि 'आउट' असे दोन्ही संच असतात कारण तो रेकॉर्डही करायचा, त्यामुळे तिथे वाचूनच लावा. डीव्हीडी प्लेयरला बऱ्याचदा एक नारिंगी सॉकेटही असतं, ते डिजिटल आवाजाचं, पिवळं समजून त्यात पिन घालू नका. वायरीची दुसरी टोकं डबीच्या इनपुटला, डबीच्या आउटपुटपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय केबल, आणि शेवटी डबीला वीज.

विजेबद्दल थोडं थांबून सांगतो कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. या डब्यांना यूएसबीची ५ व्होल्ट वीज लागते आणि सोबत छोटी यूएसबी वायर येते. बरेच जण ती टीव्हीच्याच यूएसबीला लावतात. चालली तर उत्तम, टीव्हीबरोबर डबी आपोआप चालू-बंद होते, पण टीव्हीचं साधं यूएसबी पोर्ट साधारण अर्धा अँपिअरच देतं आणि काही डब्यांना ते काठावर पुरतं. मग चित्र येतं, पाच-दहा मिनिटांनी काळं होतं, परत येतं, रंगीत ठिपके चमकतात. असं व्हायला लागलं की बाकी काही न बदलता आधी मोबाईलचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर लावून बघा. डबी जरा गरम होते ते चालतं, पण तिला टीव्हीच्या मागे कपड्यात किंवा पिशवीत गुंडाळून ठेवू नका.

आता टीव्ही चालू करून ज्या एचडीएमआयला केबल लावलीय तो सोर्स निवडा. साउंडबार असेल तर 'एआरसी' लिहिलेलं सॉकेट त्याच्यासाठी सोडा, बाकी कुठलंही चालेल. इथे एक छान खूण मिळते. टीव्हीवर "No Signal" असं येत असेल तर अडचण डबी ते टीव्ही या बाजूला आहे, म्हणजे वीज, एचडीएमआय केबल किंवा चुकीचा सोर्स. आणि "No Signal" न येता नुसता निळा किंवा काळा पडदा आला, तर डबी टीव्हीशी बोलतेय पण तिला प्लेयरकडून काही मिळत नाहीये, म्हणजे पिवळी वायर बघायची. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर उगाच सगळ्या वायरी उपसाव्या लागत नाहीत.

डबीवर एक बारीक बटण असतं, ७२०पी आणि १०८०पी. याने चित्र जास्त स्पष्ट होणार असं वाटतं पण तसं नाही. कॅसेट किंवा पिवळ्या वायरीतून आलेल्या चित्रात आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५७६ आणि अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत ४८० दिसणाऱ्या ओळी असतात, डबी तेवढ्याच ओळी ताणून मोठ्या करते, नवीन माहिती कुठून आणणार. दोन्हीवर ठेवून बघा, जे डोळ्यांना बरं वाटेल ते ठेवा. काही स्वस्त डब्या पालचा सेकंदाला ५० वेळा बदलणारा सिग्नल घेऊन बाहेर नेहमी ६० वेळा बदलणाराच देतात, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळत सरकतं, तो प्लेयरचा किंवा डिस्कचा दोष नव्हे. डबीवर पाल-एनटीएससी असं बटण असेल तर ते बदलून बघता येतं, नसेल तर तेवढं चालवून घ्यावं लागतं.

चित्र आलं की लगेच कळतं की सगळे लोक जाडे आणि बुटके दिसतायत. हे मी जवळजवळ प्रत्येक घरात बघितलंय आणि बहुतेक जण तसंच बघत बसतात, मला ते अजिबात पटत नाही, आपल्याच माणसांचे चेहरे आपण चपटे का बघायचे! कारण सोपं आहे. कॅसेटचं चित्र ४:३ आकाराचं, आणि डबी ते ताणून १६:९ च्या पूर्ण चौकटीत भरते. टीव्हीला वाटतं चित्रच १६:९ चं आहे म्हणून तो स्वतःहून काही करत नाही. उपाय टीव्हीच्या रिमोटवर, पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट रेशो मध्ये जाऊन ४:३ निवडायचं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील आणि माणसं माणसांसारखी दिसतील. खात्री करायची असेल तर पडद्यावर एखादी गोल वस्तू शोधा, घड्याळ, ताट, गाडीचं चाक, ते गोल दिसलं पाहिजे. काही टीव्ही एचडीएमआयवर ४:३ निवडूच देत नाहीत, तो पर्याय पुसट दिसतो, तेव्हा डबीचं बटण ७२०पी वर टाकून परत बघा, आणि तरीही नाही मिळालं तर आकार जसाच्या तसा ठेवणारी वेगळी डबी घ्यावी लागेल.

डीव्हीडीचं जरा वेगळं. रुंद पडद्याचे सिनेमे डिस्कवर आडवे दाबून ठेवलेले असतात आणि प्लेयरला टीव्हीचा आकार सांगावा लागतो. प्लेयरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप म्हणून असतं, तिथे जुन्या टीव्हीच्या वेळचं '४:३ लेटरबॉक्स' किंवा 'पॅन स्कॅन' तसंच राहिलेलं असतं. ते १६:९ करा. मग रुंद सिनेमा पूर्ण आकारात बरोबर येतो, आणि ४:३ ची जुनी डिस्क लावली की तेवढ्यापुरतं टीव्हीच्या रिमोटने ४:३ करायचं.

डीव्हीडीला आणखी एक चांगला रस्ता आहे. मागे हिरवं, निळं, लाल अशी तीन सॉकेटं असतील तर तो कंपोनंट आउटपुट. पिवळ्या वायरीत उजेडाची आणि रंगांची माहिती एकातच मिसळलेली असते आणि परत वेगळी करताना बारीक रेघांवर रंग सांडतात, अक्षरांच्या कडा किडे चालल्यासारख्या हलतात. कंपोनंटमध्ये ती वेगळी वेगळीच येते म्हणून चित्र खरंच स्वच्छ दिसतं. त्यासाठी 'कंपोनंट टू एचडीएमआय' अशी वेगळी डबी लागते, पिवळ्या पिनेवाली चालत नाही. त्यात दोन लाल सॉकेटं असतात, एक चित्राचं आणि एक आवाजाचं, तेवढं सांभाळा. प्लेयरच्या सेटअपमध्ये व्हिडिओ आउटपुट कंपोनंट किंवा वाययूव्ही करावं लागतं. तिथे आरजीबी राहिलं तर रंग हिरवट आणि विचित्र येतात. आणि पिवळी पिन चुकून हिरव्या सॉकेटला लावली तर चित्र येतं पण काळं-पांढरं, कारण हिरव्यातून फक्त उजेडाची माहिती येते. काळं-पांढरं चित्र दिसलं की आधी हीच जागा तपासायची.

कधी असंही होतं की कुणीतरी पूर्वी प्लेयर प्रोग्रेसिव्ह स्कॅन या कंपोनंटसाठीच्या सेटिंगवर टाकून ठेवलेला असतो आणि आता पिवळ्यातून काहीच येत नाही किंवा गिचमीड येते, आणि सेटअप दिसत नाही म्हणून बदलताही येत नाही. बऱ्याच रिमोटवर पी-स्कॅन किंवा व्ही-मोड असं बटण असतं. डिस्क बाहेर काढून ठेवा आणि ते बटण एकेकदा दाबून दोन-तीन सेकंद थांबत जा, एखाद्या दाबाला चित्र परत येतं.

आता व्हीसीआर, आणि खरा संयम इथे लागतो. जुनी अनमोल कॅसेट लगेच आत घालू नका. आधी झाकण उघडून रीळ बघा, टेपच्या कडेवर पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी असते, ती कॅसेट मशीनमध्ये गेली की टेप वाचणाऱ्या हेडवर पसरते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते, ती बाजूला ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्यायची. मग एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून प्ले, फॉरवर्ड, इजेक्ट सगळं करून बघा. खूप वर्षं पडून राहिलेल्या मशीनचे रबरी पट्टे सैल होतात आणि टेप आत अडकते, ते आधीच कळलेलं बरं.

जोडल्यावर पहिल्यांदा व्हीसीआरचा स्वतःचा मेनू पडद्यावर येतो का बघा. मेनू स्थिर दिसतोय म्हणजे वायर, डबी, टीव्ही सगळं ठीक. आता कॅसेट लावली आणि चित्र मध्येमध्ये काळं किंवा निळं होऊन परत यायला लागलं तर दोष टेपवरून येणाऱ्या सिग्नलच्या वेळेत आहे. टेप ही यांत्रिक गोष्ट, ती किंचित ताणलेली असते, फिरणारं हेड अगदी एकसारख्या वेगाने फिरत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ सुरू व्हायची वेळ थोडी पुढेमागे होते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, चित्र थोडं थरथरायचं पण दिसायचं. डबीला ओळी ठरलेल्या वेळेलाच हव्या असतात, चुकल्या की ती सिग्नलच नाही असं धरते आणि पडदा काळा करते.

यावर पहिला उपाय ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या बरोबर जागेवर आणणं. कॅसेट चालू झाल्यावर ऑटो ट्रॅकिंगला काही सेकंद द्या, मग रिमोटवर ट्रॅकिंगचं प्लस-मायनस दाबून ज्या जागी आडव्या पांढऱ्या रेघा सगळ्यात कमी होतील तिथे थांबा. काही मशीनना ट्रॅकिंगची वेगळी बटणं नसतात, चॅनलचीच बटणं कॅसेट चालू असताना ट्रॅकिंगचं काम करतात. दुसरं, कॅसेट एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा, टेपचा ताण सारखा होतो. सगळ्या पडद्यावर बर्फासारखे दाणे असतील आणि ट्रॅकिंगने फरक पडत नसेल तर हेड घाण झालंय. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा कपडा किंवा साबराच्या चामड्याची काडी ड्रमला, म्हणजे हेड ज्यावर बसवलेलं असतं त्या फिरणाऱ्या गोल भागाला, हलकेच टेकवून धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवायचा. काडी वरखाली घासायची नाही, हेडचं टोक अतिशय नाजूक असतं. कानाला वापरतो ती कापसाची काडीही नको, धागा अडकून हेड तुटतं.

एवढं करूनही काळं होत राहिलं तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर, साधा प्लेयर नाही, ज्याला मागे एव्ही इन आणि एचडीएमआय आउट आहे असा. व्हीसीआरचं आउट त्याच्या इनमध्ये लावायचं, त्याच्यावर तो लाइन इनपुट निवडायचा, आणि त्याचं एचडीएमआय थेट टीव्हीला. बरेच रेकॉर्डर येणारा सिग्नल आधी आपल्या मेमरीत घेऊन नीट वेळेत बाहेर सोडतात, त्यामुळे डबीवर सतत तुटणारी कॅसेटसुद्धा सलग दिसते, आणि वेगळी डबीही लागत नाही. नातेवाइकांकडे असा पडून आहे का विचारा. विकत आणलेल्या सिनेमाच्या कॅसेटचा उजेड कमीजास्त होत राहिला तर तो कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेला सिग्नल असतो, घरी शूट केलेल्या कॅसेटमध्ये तो नसतो, त्यामुळे एकाच मशीनवर घरची कॅसेट नीट आणि सिनेमाची कॅसेट फडफडणारी असं दिसलं तर मशीन खोलू नका.

पडद्याच्या अगदी खाली थरथरणारी एक पट्टी दिसते तीही बिघाड नाही. एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना चित्रात होणारी ती गडबड पूर्वीही असायची, जुने टीव्ही कडा कापून दाखवायचे म्हणून दिसत नव्हती. टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'ओव्हरस्कॅन बंद' असं काही चालू असेल तर ते उलटं करा, कडा थोड्या कापल्या जातील आणि पट्टी जाईल. शार्पनेसही बराच खाली आणा, टेपच्या दाण्यांना धार आली की चित्र उगाच वाईट दिसतं.

माझ्या मामांकडे हे सगळं एकत्र जोडलं ते सांगतो म्हणजे क्रम लक्षात येईल. व्हीसीआर मोनो होता, मागे पिवळं आणि पांढरं एवढंच आउट. डीव्हीडी प्लेयरला तिन्ही पिना. टीव्हीला दोन एचडीएमआय, त्यातलं एक सेट टॉप बॉक्सने धरलेलं. म्हणजे डबी एकच आणि मशीन दोन. म्हणून मध्ये एव्ही सिलेक्टर घेतला, बटण दाबून एक किंवा दोन निवडायचा साधा बॉक्स, त्याला वीजही लागत नाही. एक नंबरला व्हीसीआर, दोन नंबरला डीव्हीडी, सिलेक्टरच्या आउटपासून डबीला, डबी मोबाईल चार्जरवर, तिथून दुसऱ्या एचडीएमआयला. व्हीसीआरचा आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून यायला लागला कारण पांढरी पिन म्हणजे डावी बाजू, तर पांढऱ्या आउटला एकाचे दोन करणारी वाय आकाराची पिन लावून एक टोक पांढऱ्यात आणि एक लालमध्ये दिलं, दोन्हीकडून आवाज आला. मग डीव्हीडीचं टीव्ही टाइप १६:९ केलं, व्हीसीआरसाठी रिमोटवर ४:३ कुठे आहे ते मामींना दाखवलं, आणि सिलेक्टरच्या बटणांवर चिकटपट्टी लावून 'कॅसेट' आणि 'डिस्क' असं पेनाने लिहून ठेवलं. लग्नाची कॅसेट सुरुवातीला दोनदा काळी झाली, ट्रॅकिंग तीन पायऱ्या वर नेल्यावर शेवटपर्यंत न तुटता चालली.